नात्याचा रकाना

"फॅमिली का बॅचलर?"

लेक बाणेरला घर शोधत होती तेव्हा प्रत्येक एजंटचा पहिला प्रश्न हा. भाडं किती परवडेल हे नंतर, किती खोल्या हव्यात हेही नंतर. तिने पहिल्या दोघांना खरं सांगितलं, की मी आणि माझा मित्र, दोघं राहणार. एकाने फोन ठेवला. दुसरा भला होता. म्हणाला, "मॅडम, फॅमिली म्हणा ना. मंगळसूत्र कोण बघायला येतंय?"

हे मला तिने वर्षभराने सांगितलं. तोवर आमच्यासाठी ती "मैत्रिणींबरोबर फ्लॅटवर" होती. खरं कळल्यावर घरात काय झालं त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. ह्यांनी आठ दिवस अबोला धरला, मी दोनदा रडले, माझ्या आईने नाशिकच्या घरातल्या देव्हाऱ्यापुढे जास्तीचं निरांजन लावलं. सगळ्यांच्या घरी होतं तेच. मला त्यापेक्षा एजंटचा तो प्रश्न जास्त दिवस पुरला. कारण मी एकोणीस वर्षं आश्रमशाळेत शिकवलं, आणि दर जूनमध्ये प्रवेशाचे फॉर्म भरून घेताना मीही असलाच एक रकाना भरत होते.

भाडेकराराची गंमत अशी, की करारात नात्याचा रकानाच नसतो. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. त्यात दोघांची नावं, वय, पॅन, आधार, पत्ता. एक माणूस अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, घरमालकाचा आणि या दोघांचा ठसा घेतो, वेबकॅमवर फोटो काढतो, आणि नोंदणी होते. सरकारला ही दोघं एकमेकांची कोण याच्याशी काही देणंघेणं नाही. प्रश्न येतो तो सोसायटीच्या ऑफिसात. तिथे छापील कागद असतो: "सोबत राहणाऱ्या व्यक्ती", आणि त्यापुढे "नाते". आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने देताना मालकाने सोसायटीला आगाऊ कळवायचं एवढंच असतं, सोसायटीच्या परवानगीचा त्यात प्रश्न नाही. पण हे सेक्रेटरीला सांगणाऱ्याला पार्किंग कुठलं मिळतं ते बघावं. लेकीने त्या रकान्यात आडवी रेघ मारली. सेक्रेटरीने ती रेघ पाहिली आणि तिच्याच पेनाने वर लिहिलं: "पत्नी". लेकीने ते खोडलं नाही. गेटवरच्या रजिस्टरात ती तेव्हापासून मिसेस आहे, आडनावासकट.

मी चिडले ती त्या खोट्यावर. राहायचं तर उघड राहा, नाहीतर लग्न करा, हे अर्धवट कशाला? लेक म्हणाली, "आई, तुझ्या शाळेत तू काय लिहायचीस?"

तिला आठवत होतं. सुट्टीत ती माझ्याबरोबर जव्हारला येऊन राहायची.

जव्हार तालुक्यातली माझी शाळा. मुलं बहुतेक वारली, काही कोकणा, काही महादेव कोळी, असं त्यांच्या दाखल्यांवर असायचं. मी नोकरीला लागले त्या पहिल्या जूनमध्ये एक बाई मुलीला घेऊन आल्या. वडिलांचं नाव विचारलं, सांगितलं. आईचं नाव, तेही सांगितलं. सोबत शिधापत्रिका होती, त्यावर दोघांची नावं. मी सहज काहीतरी विचारलं, लग्न कधी झालं असं, कदाचित मुलीचं वय पडताळायला. बाई हसल्या. "लगीन नाय झाला अजून, बाई. पैसा झाला का करू." मुलगी दहा वर्षांची होती आणि तिच्यावर एक भाऊ होता.

मी नाशिकची, कुणब्यांच्या घरातली. मला पहिल्यांदा वाटलं की बाईला माझा प्रश्न कळला नाही. मग त्या वर्षी असे फॉर्म किती आले ते मोजायचं मी सोडून दिलं. वर्गातल्या कितीतरी पोरांच्या आईवडिलांचं लग्न व्हायचं होतं. ते कुणी लपवत नव्हतं आणि त्याची कुणी फुशारकीही मारत नव्हतं. शेतात भात कापायचं राहिलंय तसं लग्न राहिलंय.

याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. वारल्यांकडे मुलगी घरी आणायची ती दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून बोलल्यावर. साखरपुडा होतो, ताडी किंवा मोहाची फिरते, देज ठरतं. म्हणजे मुलाकडून मुलीकडे काय जायचं ते. एवढं झालं की मुलगी नांदायला येऊ शकते आणि गावाच्या लेखी ती त्या घरची. लग्न हा पुढचा, वेगळा आणि महागडा प्रकार. त्याला धवलेरी लागते. ती बाई असते. लग्न ती लावते, गाण्यांनी लावते, तिथे भटजी नसतो. सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, चौकाच्या आत पालघट देवी, शेजारी देवचौकात पंचशिऱ्या देव. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. हल्ली चौकाची ही चित्रं दिवाणखान्यात टांगलेली दिसतात, तेव्हा मला गंमत वाटते. ते मुळात लग्नाचं कागदपत्र आहे म्हणा ना. आणि या सगळ्यावर गावजेवण. दोन-तीन दिवस गावाला खायला-प्यायला घालायचं. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर जाऊन उचल फेडण्यात ज्याचा उन्हाळा जातो, त्याने ते कुठून आणायचं?

कर्ज काढून करणाऱ्यांचं काय झालं ते त्या भागातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. डहाणू-उंबरगावकडे "लग्नगडी" असा शब्द होता. सावकार, म्हणजे जमीनदारच, लग्नाला पैसे द्यायचा आणि त्या पैशांत नवरा, आणि लग्न झाल्यामुळे नवरीही, त्याच्या शेतावर राबायची. फिटायचं नाही. कधी मुलावर जायचं. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांनी वेठ नाकारली, त्या लढ्यातून लग्नगड्याची ही चाल मोडली. आमच्या शाळेच्या स्वयंपाकीणबाईंचे सासरे त्या पिढीतले. ते मला म्हणाले होते की आमच्यात आधी लग्न करायचा तो गुलाम व्हायचा. त्यांनी हे लग्नसंस्थेवर भाष्य म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांच्या बापाची हकीकत सांगत होते.

मग एकदा मी असं राहिलेलं लग्न पाहिलं. साल २००९, होळी झाल्यावर. माझ्या आठवीतल्या मुलीने वर्गात येऊन सांगितलं, "बाई, आमचे घरी लगीन आहे, या." कुणाचं? तर दादाचं. आणि? तर आई-बाबांचं. पोराचं लग्न काढलं आणि घोडं तिथेच अडलं, कारण ज्यांचंच लागलेलं नाही त्यांनी पोराचं कसं लावायचं? धवलेरीने सांगितलं की आधी तुमचं. एका मांडवात दोन लग्नं केली तर जेवण एकच पडतं, हा हिशेबही होताच. मुलीच्या बाबांनी मला खर्चाचा आकडा दिला नाही, पण तांदूळ सांगितला. दीड क्विंटल घरचा, एक विकतचा. डाळ, तेल, आणि ताडी वेगळी. पाहुणे निम्मं घेऊन येतात, त्यांचं मग आपण फेडायचं.

आई-बाबांचं आधी लागलं. नवरा पंचेचाळिशीचा, दात दोन पडलेले. नवरी हळद लावून घेताना पाठीमागे वळून सुनेला, म्हणजे होणाऱ्या सुनेला, चुलीकडे बघायला सांगत होती. माझी आठवीतली विद्यार्थिनी स्वतःच्या आईची करवली म्हणून उभी. धवलेरी गात होती, त्यातलं मला निम्मं कळलं नाही. कुणी हसत नव्हतं, म्हणजे खूप हसत होते, पण त्या दोघांना नव्हे. मी बाजूच्या बाईला हळूच विचारलं, "इतकी वर्षं यांना कुणी काही बोललं नाही?" ती म्हणाली, "काय बोलायचा? गावाला ठावं आहे."

हे वाक्य मला फार वर्षं पुरलंय. पण त्याचा वापर लोक ज्यासाठी करतात तो मला मान्य नाही. शहरात कुणीतरी उठून म्हणतं, बघा, आदिवासींकडे लिव्ह-इन पूर्वापार आहे, ते आपल्यापेक्षा पुढारलेले. मी तिथे राहिले. गावाला ठावं असतं हे जितकं खरं, तितकंच तहसील कचेरीला ठावं नसतं हेही. आमच्या शाळेतल्या एका मुलाचा बाप भट्टीवर गेला आणि तिथेच वारला. आई संजय गांधी निराधार योजनेच्या पैशांसाठी गेली तर तिला विधवा असल्याचा पुरावा मागितला. मृत्यूचा दाखला होता, मतदारयादीत नाव होतं, शिधापत्रिका होती. लग्नाचं काहीच नव्हतं, कारण ते झालंच नव्हतं. गावातली पाच माणसं तलाठ्यापुढे उभी राहिली, सरपंचाने लिहून दिलं, मीही शाळेच्या रजिस्टरचा उतारा दिला, तेव्हा कुठे कागद पुढे सरकला. त्यात दीड वर्ष गेलं. आणि हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही, त्यांच्यात रूढी हाच कायदा. म्हणजे चौक आणि धवलेरी नसेल तर कायद्यालाही ते लग्न दिसणं कठीण.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. मुली लवकर नांदायला जातात. सोळाव्या-सतराव्या वर्षी. २०१२ मध्ये बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा आला, तेव्हापासून अठराच्या आतली मुलगी बाळंतपणाला आली की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. मग नवरा, म्हणजे जो गावाच्या लेखी नवरा, तो आत जातो. याचा परिणाम असा, की पोरी दवाखान्यात यायला घाबरतात, किंवा येऊन वय वाढवून सांगतात. आधारकार्ड घरी राहिलं म्हणतात. आमच्या नववीतून गळालेली एक मुलगी अशीच घरी बाळंत झाली. वाचली, बाळही वाचलं. कायदा चूक असं मी म्हणणार नाही, सोळाव्या वर्षी कुणीच कुणाच्या घरी जाऊ नये. पण त्या गावातलं "राहणं" आणि बाणेरमधलं "राहणं" यांना एकच शब्द वापरला की माझ्या डोळ्यापुढे ती मुलगी येते.

तर तो शब्द. २००८ च्या ऑक्टोबरात तो आमच्या शिक्षक-खोलीत आला. राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं होतं की पोटगीच्या कलमातली "पत्नी"ची व्याख्या रुंदावावी, पत्नीसारखी बराच काळ राहिलेली बाईही तीत यावी, आणि तसा प्रस्ताव केंद्राकडे जावा. पुढे त्याचा कायदा काही झाला नाही. पण त्या आठवड्यात पेपरांत रकानेच्या रकाने होते आणि आमच्या खोलीत रणकंदन. आमचे मुख्याध्यापक सांगलीकडचे, ते म्हणाले, "आता संस्कृती संपली." चहा घेऊन आलेल्या स्वयंपाकीणबाई ऐकत उभ्या होत्या. त्यांचं स्वतःचं लग्न त्याच वर्षी व्हायचं घाटत होतं आणि त्यांचा थोरला पोरगा दहावीला होता. त्यांनी विचारलं, "सर, कोणती संपली?" त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. सरांनी चहा घेतला.

लेकीने मला जे विचारलं त्याचं उत्तर आता देते. मी फॉर्मात "आई" आणि "वडील" लिहायचे. बाकी रकाना नव्हता आणि मी तयार केला नाही.

आता कायद्याचं. लेकीचा मित्र नाही, पण तिची एक मैत्रीण वकील आहे, तिने मला एका संध्याकाळी हे नीट समजावलं आणि मी चक्रावले. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे ना, त्यात लग्नाच्या बायकोबरोबरच "विवाहसदृश संबंधात" राहणाऱ्या बाईलाही संरक्षण आहे. तिला घराबाहेर काढता येत नाही, खर्च मागता येतो. पण विवाहसदृश म्हणजे काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात याच्या कसोट्या सांगितल्या. दोघं वयाने लग्नाला पात्र हवीत. लग्न करायला मोकळी हवीत, म्हणजे आधीचा जोडीदार नको. स्वखुशीने बराच काळ एकत्र राहिलेली हवीत. आणि समाजात नवरा-बायकोसारखी वावरलेली हवीत.

शेवटच्या कसोटीपाशी मी थांबले. म्हणजे सेक्रेटरीने लिहिलेलं ते "पत्नी", गेटवरचं ते "मिसेस", ज्यावर मी चिडले होते, तोच उद्या लेकीचा पुरावा? "हो काकू," ती मैत्रीण म्हणाली, "आणि तिने 'आम्ही फक्त मित्र' असं प्रामाणिकपणे सगळीकडे सांगितलं असतं तर तिची बाजू लंगडी झाली असती."

मला हसू येईना. ज्या मुलीने लग्नाचं नाव नको म्हणून हा मार्ग घेतला, तिला कायद्याकडे जायचं तर लग्न झाल्यासारखं वागलेलं दाखवावं लागणार. २०१३ च्या इंद्रा शर्मा खटल्यात न्यायालयाने अजून तपशील दिले. किती काळ राहिलात, घर एक होतं का, पैसे एकत्र होते का, घरकाम कसं वाटलेलं होतं, चारचौघांत कसे मिसळत होतात. त्या खटल्यातली बाई अठरा वर्षं राहिली होती, तरी तिच्या हाती काही आलं नाही, कारण तो माणूस विवाहित होता आणि ते तिला सुरुवातीपासून माहीत होतं. मी लेकीला फोन केला आणि सोसायटीच्या त्या कागदाची झेरॉक्स काढून ठेव म्हटलं. ती म्हणाली, "आई, तूच ना ते खोटं आहे म्हणालीस?"

तिकडे उत्तराखंडने तर खराच रकाना काढलाय. २०२५ च्या जानेवारीपासून तिथे एकत्र राहणाऱ्यांनी निबंधकाकडे नोंद करायची, महिन्याभरात केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि दोघांपैकी कुणी एकवीसच्या आतलं असेल तर पालकांना कळवणार. लेकीच्या ऑफिसात डेहराडूनचा एक मुलगा आहे. तिथले रहिवासी राज्याबाहेर असले तरी त्यांना तो कायदा लागू आहे असं त्याने ऐकलंय, म्हणून पुण्यात बसून तो धास्तावलाय. गावाला ठावं असणं आणि ठाण्याला ठावं असणं यात किती अंतर आहे ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं म्हणे.

माझ्या आईला यातलं मी काही सांगितलं नाही. ती ब्याऐंशीची. नातेवाइकांत ती अजून "पुण्याला नोकरीला असते" एवढंच सांगते. पण एक दिवस पोहे निवडताना आपणहून बोलली. तिची मावशी ऐन विशीत विधवा झाली, तिचा पाट लावला होता. आमच्याकडे पाट चालायचा. ब्राह्मण, देशमुख घरांत चालायचा नाही आणि त्यावरूनच कोण वरचं कोण खालचं ते ठरायचं. पाट लावायचा रात्री, अंधारात, वाजंत्री नाही, सवाशिणींनी तिथे थांबायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती बाई नव्या घरात चूल पेटवायची आणि कुणी चकार शब्द काढायचं नाही. आई म्हणाली, "लग्न नव्हतंच ते. पण पोरं वाटणीला बरोबरीने बसली." थोडं थांबून म्हणाली, "आमच्या मावशीला चोरून जावं लागलं, हिला काय गरज?" म्हणजे तिचा राग राहण्यावर होता की लपवण्यावर, ते मला आजही सांगता येणार नाही. लेकीच्या घरी ती गेलेली नाही. लाडू मात्र दोघांच्या हिशेबाने पाठवते.

आणि तिचीच धाकटी बहीण, माझी मावशी. अडुसष्ट वर्षांची, कोथरूडला राहते, आणि गेली चार वर्षं एकटी राहत नाही. गृहस्थ बहात्तरचे, विधुर, निवृत्त शिक्षक. सकाळच्या फिरण्यातली ओळख. मावशीचे यजमान रेल्वेत होते. त्यांच्यामागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, आणि तिथल्या नियमाप्रमाणे मूलबाळ असलेल्या विधवेने पुन्हा लग्न केलं की ते थांबतं. गृहस्थांना दोन मुलगे, फ्लॅट त्यांच्या नावावर. लग्न झालं तर मावशी कायद्याने वारस होते, म्हणजे मुलांच्या पोटात गोळा. लग्न नाही तर मुलांचीही हरकत नाही! पुण्यात माधव दामल्यांनी ज्येष्ठांच्या अशा सहजीवनासाठी २०१२ च्या सुमारास मंडळच काढलं, त्यांच्या एका मेळाव्याला ही दोघं जाऊन आली होती. मावशी सांगत होती की तिथे प्रेमाच्या गोष्टी कमी आणि पेन्शन, औषधं, फ्लॅट यांच्याच जास्त निघाल्या. तिला ते फार आवडलं.

आपल्याकडे तरुणांचं लिव्ह-इन बंड समजतात आणि म्हाताऱ्यांचं गोड. वर्तमानपत्रात फोटो येतो, दोघं बाकावर बसलेली. पण मागच्या वर्षी गृहस्थांना छातीत दुखायला लागलं. मावशीने रिक्षाने दवाखान्यात नेलं. अँजिओप्लास्टी लागली. संमतीचा कागद आला. शुद्धीवर असलेल्या सज्ञान रुग्णाची सही पुरते, नातेवाइकाची सही ही दवाखान्यांची रीत, हे मला त्या वकील मुलीने नंतर सांगितलं. त्या रात्री तिथे कुणी सांगितलं नाही. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" आणि माझी मावशी, जी कॉलनीत सगळ्यांना ठणकावून सांगते की आम्ही एकत्र राहतो, ती म्हणाली, "शेजारी."

मग शेजाऱ्यांना बाहेर बसवलं. मुलगा हैदराबादहून पहाटे पोचेपर्यंत ती व्हरांड्यात होती. कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मी नंतर तिला म्हटलं, बायको म्हणायचंस की. ती म्हणाली, "त्यांच्या बायकोचा फोटो आहे घरात, मी रोज पुसते. कसं म्हणू?"

हे ऐकून लेक हलली, आणि तिनेच पुढाकार घेतला. गृहस्थांचं मृत्युपत्र करायचं ठरलं. साधं होतं. फ्लॅट दोन्ही मुलांना, अर्धा-अर्धा. पण मावशीला तिच्या हयातभर त्यात राहण्याचा हक्क, तो कुणी काढून घ्यायचा नाही, ती असेतो विकायचा नाही. बँकेत मावशीचं नाव नॉमिनी म्हणून घातलं की झालं, असं त्यांना वाटत होतं. वकील मुलीने सांगितलं की नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक वारसच, म्हणून ती ठेव मृत्युपत्रातही लिहा. दोन साक्षीदार लागतात, गृहस्थांना सही करताना पाहणारे. नोंदणी सक्तीची नाही, पण मुलगे दोन आहेत म्हटल्यावर करून टाकलेली बरी. आणि डॉक्टरांचा, शुद्धीत आहेत असा दाखला. मुलांना आधी सांगायचं की नाही यावर मात्र दोन आठवडे गेले. शेवटी गृहस्थांनी दोघांना फोन करून सांगितलं. थोरला म्हणाला ठीक. धाकट्याने विचारलं, "बाबा, हयातभर म्हणजे किती?" मावशी समोरच होती.

गेल्या महिन्यात दुय्यम निबंधकाकडे गेलो. साक्षीदार म्हणून लेक आणि तिचा तो मित्र, दोघं सुट्टी टाकून आले होते. मी त्याला तेव्हा तिसऱ्यांदा भेटत होते. त्याने मावशीसाठी खुर्ची कुठून तरी मिळवली, आणि टोकन लागेपर्यंत गृहस्थांशी क्रिकेट बोलत राहिला. आमचा नंबर आला. कारकुनाने गृहस्थांचा अंगठा घेतला, फोटो घेतला. मावशीकडे बघून विचारलं, या कोण? गृहस्थ म्हणाले, "यांच्यासाठीच आलोय." कारकुनाने मान हलवली. त्याला दिवसात असे कितीतरी.

मग साक्षीदार. लेकीने नाव, वय, पत्ता सांगितला. बाणेर, इमारतीचं नाव, विंग, फ्लॅट नंबर. मग त्याची पाळी. नाव सांगितलं, वय सांगितलं. मी उगाच पर्स उघडून आत काहीतरी शोधू लागले.

"नातं सांगायचंय का?" त्याने विचारलं.

"साक्षीदाराला नातं लागत नाही," कारकून म्हणाला. "पत्ता सांगा."

त्याने पत्ता सांगायला सुरुवात केली. विंगपर्यंत आल्यावर कारकुनाने वरची ओळ पाहिली, एकदा दोघांकडे पाहिलं, आणि रकान्यात टाइप केलं: वरीलप्रमाणे.